१.२ मिली नेमकं कुठे येतं? बाळाचं पातळ औषध मापताना

आठ-नऊ महिन्यांचं, आठ किलो वजनाचं बाळ आहे आणि त्याला ताप आलाय, असं धरू. डॉक्टर साधारण किलोमागे १५ मिलिग्रॅम या हिशोबाने पॅरासिटामॉल लिहितात. म्हणजे एका वेळेला १२० मिलिग्रॅम. हिशोब इथपर्यंत सरळ आहे. घोटाळा सुरू होतो तो पुढे, कारण हे १२० मिलिग्रॅम औषध कुणीही तोलून देत नाही. ते पातळ औषधात विरघळलेलं किंवा मिसळलेलं असतं, आणि आपल्या हातात असतो तो प्लॅस्टिकचा एक तुकडा आणि त्यावरच्या रेघा.

मेडिकलमध्ये मुलांसाठी पॅरासिटामॉल मुख्यतः तीन प्रकारांत मिळतं. पहिला प्रकार ड्रॉप्स. छोटी, बहुधा १५ मिलीची बाटली आणि सोबत ड्रॉपर. यात एका मिलीत १०० मिलिग्रॅम औषध असतं. दुसरा प्रकार साधं सिरप, म्हणजे ५ मिलीत १२० मिलिग्रॅम (काही कंपन्यांचं १२५). तिसरा, नावापुढे ‘डीएस’ किंवा ‘२५०’ असं लिहिलेलं जास्त ताकदीचं सिरप, ज्यात ५ मिलीत २५० मिलिग्रॅम असतं. तिन्हींवर कंपनीचं नाव एकच असू शकतं, खोक्याचा रंग मिळताजुळता असू शकतो आणि चवही गोडच.

आपल्या बाळाचे १२० मिलिग्रॅम या तीन बाटल्यांमधून असे निघतात: ड्रॉप्समधून १.२ मिली, साध्या सिरपमधून ५ मिली, डीएसमधून २.४ मिली. औषध तेच, बाळ तेच, पण माप तीन तऱ्हेचं. म्हणून ‘तापाचं औषध ५ मिली’ हे वाक्य अर्धवट आहे. कुठल्या बाटलीतलं, हे सांगितल्याशिवाय त्याला काही अर्थच नाही.

अदलाबदल झाली तर काय होतं ते आकड्यांत पाहा. मागच्या खेपेला डॉक्टरांनी सिरप ५ मिली सांगितलं होतं आणि तेच डोक्यात बसलं. या वेळी घरात ड्रॉप्सची बाटली आहे आणि त्यातलं ५ मिली दिलं गेलं. म्हणजे ५०० मिलिग्रॅम पोटात गेलं, मोठा माणूस घेतो ती अख्खी गोळी. आठ किलोच्या बाळाला दिवसभरात साधारण किलोमागे ६० मिलिग्रॅमच्या वर, म्हणजे ४८० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये असं धरतात. ती हद्द एकाच डोसात ओलांडली. हीच चूक दिवसातून चार वेळा झाली तर २००० मिलिग्रॅम होतात आणि बाळाच्या यकृताला गंभीर इजा होऊ शकते. उलट बाजूने चूक झाली, म्हणजे ड्रॉप्सचा १.२ मिली हा आकडा धरून सिरप दिलं, तर जेमतेम २९ मिलिग्रॅम जातात. ताप उतरत नाही, घरच्यांना वाटतं औषध लागू पडत नाही, आणि मग दोन तासांनी पुन्हा एक डोस, पुन्हा एक डोस असा खेळ सुरू होतो.

तेव्हा मापायला हात घालण्याआधी लेबल वाचायचं, आणि तेही पुढचं नाही. पुढच्या बाजूला नाव आणि चित्र असतं. आपल्या कामाची ओळ बाजूला, बारीक अक्षरात असते आणि तिची सुरुवात बहुधा ‘ईच ५ एमएल कन्टेन्स’ किंवा ‘ईच एमएल कन्टेन्स’ अशी असते. या दोन ओळींमध्ये फक्त एका ‘५’चा फरक आहे, आणि सगळं त्यावरच ठरतं. पहिल्या ओळीत ५ मिलीत किती औषध आहे ते दिलंय, दुसरीत एका मिलीत. पॅरासिटामॉलपुरता हा फरक साधारण चौपटीचा आहे. उलटी थांबवायच्या डोमपेरिडॉनच्या बाबतीत तो आणखी मोठा होतो: साध्या पातळ औषधात मिलीमागे १ मिलिग्रॅम, तर बाळांच्या ड्रॉप्समध्ये मिलीमागे १० मिलिग्रॅम.

अमेरिकेतही पूर्वी अशीच दोन ताकदीची बाटली होती, तान्ह्या बाळांसाठी दाट ड्रॉप्स आणि मोठ्या मुलांसाठी पातळ सिरप. त्यातून होणाऱ्या चुका पाहून २०११ मध्ये तिथल्या उत्पादकांनी दाट ड्रॉप्स बंद करायचं ठरवलं आणि सगळ्या लहान मुलांसाठी ५ मिलीत १६० मिलिग्रॅम ही एकच ताकद ठेवली. हे अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरांनी खास लक्षात ठेवण्यासारखं आहे. पुण्याहून सामानात आलेली ड्रॉप्सची बाटली आणि तिथल्या दुकानातली बाळाची बाटली यांत तिपटीचा फरक असतो. आजीने इथे दिलेलं माप तिथल्या बाटलीला लागू होत नाही, आणि तिथलं इथे तर नाहीच.

ड्रॉपर

ड्रॉपर दिसायला सगळ्यात सोपा असतो, आणि फसवतोही तोच जास्त.

पहिली गोष्ट, तो ज्या बाटलीसोबत आला त्या बाटलीचाच असतो. पॅरासिटामॉलच्या ड्रॉपरवर ०.५ आणि १ मिली अशा दोनच रेघा असतील, लोहाच्या ड्रॉपरवर ०.३ आणि ०.६, तर एखाद्या जीवनसत्त्वाच्या ड्रॉपरवर एकच रेघ. ‘रेघेपर्यंत भरा’ अशी सूचना असेल तर ती त्या औषधाच्या रेघेबद्दल असते. ड जीवनसत्त्वाचे थेंब आपल्याकडे मिलीमागे ४०० युनिट आणि मिलीमागे ८०० युनिट अशा दोन्ही ताकदींत मिळतात, त्यामुळे बाटली बदलली आणि सवयीने ‘एक ड्रॉपर’ चालू राहिला तर रोजची मात्रा दुप्पट होते. २०१० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ड जीवनसत्त्वाच्या थेंबांबद्दल पालकांना सावध केलं होतं, कारण काही ड्रॉपरमध्ये बाळाच्या दिवसभराच्या मात्रेपेक्षा जास्त औषध मावत होतं. ‘ड्रॉपर भरून’ हे माप नाही, हे त्यातून सगळ्यांच्या लक्षात आलं.

दुसरी गोष्ट, ड्रॉपरमध्ये औषध वर चढतं ते रबरी फुग्याच्या ताकदीवर, त्यामुळे ते हव्या त्या रेघेवर आपोआप थांबत नाही. फुगा दाबून टोक औषधात बुडवायचं, फुगा हळूहळू सोडायचा आणि थोडं जास्त घ्यायचं. मग ड्रॉपर बाटलीच्या तोंडातच उभा धरून जास्तीचं थेंबाथेंबाने परत सोडत रेघेवर आणायचं. ड्रॉपर आडवा झाला की औषध फुग्यात पळतं आणि माप गेलं. टोकाशी हवेचा तुकडा राहिला असेल तर वरची पातळी रेघेवर दिसते, पण आत औषध कमी असतं. म्हणून रेघ पाहताना टोकही पाहायचं. ते पूर्ण भरलेलं हवं. बाहेरून लागलेलं औषध बाटलीच्या कडेला पुसून घ्यायचं, नाहीतर तोही एखादा जास्तीचा थेंब बाळाच्या तोंडात जातो.

थेंब मोजण्याबद्दल थोडं. एका मिलीत २० थेंब हा हिशोब पाण्यासारख्या पातळ द्रवाचा आणि ठराविक टोकाचा आहे. दाट, साखरेच्या पाकातल्या औषधाचा थेंब वेगळ्या आकाराचा पडतो, ड्रॉपर तिरपा धरला तर आणखी वेगळा. डॉक्टरांनी ‘१० थेंब’ असंच लिहिलं असेल तर त्याच बाटलीच्या ड्रॉपरने, उभा धरून मोजावेत. पण मिलीत लिहिलेला डोस स्वतःच थेंबांत बदलू नये.

आता आपल्या बाळाचे १.२ मिली. ड्रॉपरवर शेवटची रेघ १ ची आहे. पुढचा ०.२ अंदाजाने घ्यायचा का? काही घरांत तसंच चालतं: एक पूर्ण आणि ‘वर थोडंसं’. हे थोडंसं एकाच्या हातचं ०.१ असतं आणि दुसऱ्याच्या हातचं ०.५. जो डोस तुमच्या मापावर रेघ म्हणून नाही, त्यासाठी ते माप चुकीचं आहे. इथे सिरिंज लागते.

सिरिंजवरच्या रेघा

तोंडावाटे औषध द्यायची सिरिंज इंजेक्शनच्या सिरिंजसारखीच दिसते, पण तिच्या तोंडाला सुई बसत नाही. मुद्दामच तसं केलेलं असतं, म्हणजे तोंडाचं औषध चुकून शिरेत जाऊ नये. मोठ्या शहरांत ती मागितली तर मिळते. इतर ठिकाणी मेडिकलवाला बहुधा इंजेक्शनचीच सिरिंज काढून देतो. तशी वेळ आली तर सुई दुकानातच काढून परत द्यावी, आणि सुईवरचं किंवा टोकावरचं छोटं टोपण असेल तर तेही घरी आणू नये. टोपण लावूनच औषध तोंडात सोडायला गेलं की दाबाने ते सुटून बाळाच्या घशात अडकू शकतं. अशा दुर्घटना झालेल्या आहेत.

एक सिरिंज मात्र औषधासाठी कधीच वापरू नये, ती इन्सुलिनची. घरात आजोबांना मधुमेह असेल तर ती हाताशी असते, बारीक असते, रेघाही सुबक असतात. पण त्या रेघा मिलीच्या नाहीत, इन्सुलिनच्या युनिटच्या आहेत. आपल्याकडे ४० युनिटची आणि १०० युनिटची, अशा दोन्ही सिरिंज चालतात. ‘१०’ या आकड्यापर्यंत भरलं तर पहिलीत पाव मिली येतं आणि दुसरीत एक दशांश मिली. दोन्हींचा १० मिलीशी काही संबंध नाही आणि १ मिलीशीही नाही.

आता साध्या सिरिंजकडे. तिच्यावर आकडे लिहिलेल्या मोठ्या रेघा असतात आणि मध्ये बिनआकड्यांच्या छोट्या. चुका होतात त्या छोट्या रेघांत. छोटी रेघ म्हणजे ०.१ असं आपण गृहीत धरतो, पण सिरिंज बदलली की तिची किंमत बदलते. १ मिलीच्या सिरिंजवर छोटी रेघ सहसा ०.०१ मिलीची असते. २ किंवा ३ मिलीच्या सिरिंजवर ०.१ ची. ५ मिलीच्या सिरिंजवर बहुधा ०.२ ची. १० मिलीच्या सिरिंजवर कधी ०.२, कधी ०.५.

ओळखायची रीत सोपी आहे. आकडे लिहिलेल्या दोन शेजारच्या रेघा घ्या, समजा १ आणि २. एकापासून निघून दोनपर्यंत पोचायला किती पायऱ्या चढाव्या लागतात ते मोजा, दोनची रेघ धरून. दहा पायऱ्या असतील तर प्रत्येक ०.१ मिलीची. पाच असतील तर ०.२ ची. दोनच असतील तर अर्ध्या मिलीची. नवी सिरिंज आणली की औषध भरायच्या आधी हे एकदा करून ठेवायचं, रात्री तीन वाजता बाळ कण्हत असताना नाही.

आपले १.२ मिली २ मिलीच्या सिरिंजवर एकनंतरच्या दुसऱ्या छोट्या रेघेवर येतात. ५ मिलीच्या सिरिंजवर तेच १.२ एकनंतरच्या पहिल्याच छोट्या रेघेवर येतात. ‘एकच्या पुढे दोन रेघा’ असं पाठ करून ठेवलं आणि सिरिंज बदलली, तर १.४ मिली जातं. आणि १० मिलीच्या, अर्ध्या-अर्ध्या मिलीच्या सिरिंजवर १.२ साठी रेघच नाही. म्हणून कुणाला सांगताना रेघा मोजून सांगू नये, आकडा सांगावा आणि तीच सिरिंज हातात द्यावी. पाळणाघरात किंवा आजोळी औषध पाठवताना तर बाटलीला ती सिरिंज रबरबँडने बांधूनच पाठवावी. एक युक्ती पुष्कळ परिचारिका सांगतात: ठरलेल्या रेघेवर बारीक चिकटपट्टी लावायची. तीही चांगली, फक्त वजन वाढल्यावर डोस बदलला की पट्टी काढायची आठवण हवी.

सिरिंज केवढी घ्यायची? डोस जिच्यात एका खेपेला मावेल अशांतली सगळ्यात छोटी. १.२ मिलीला २ किंवा ३ मिलीची, ५ मिलीला ५ चीच. कारण पुढे कपाच्या बाबतीत येईल तेच आहे: नळी जितकी अरुंद, तितकं एक मिली उंच दिसतं आणि रेघ चुकली तरी औषधात फरक कमी पडतो.

दट्ट्यावर नेमकं कुठे पाहायचं, हा पुढचा प्रश्न. दट्ट्याच्या टोकाला काळं रबर असतं. त्याचं तोंड निमुळतं असतं आणि कडेने नळीला चिकटलेल्या दोन गोल पट्ट्या दिसतात. औषधाच्या बाजूची जी पट्टी, तिची वरची कड जिथे नळीला टेकते, ती कड रेघेवर आली पाहिजे. निमुळत्या टोकावर पाहिलं तर माप चुकतं, खालच्या दुसऱ्या पट्टीवर पाहिलं तर त्याहून जास्त चुकतं. त्या दोन पट्ट्यांमधलं अंतर छोट्या सिरिंजवर कित्येक रेघांएवढं भरतं.

भरायचं असं. बाटली आधी नीट हलवायची. पॅरासिटामॉलची बरीचशी मुलांची औषधं सस्पेन्शन असतात, म्हणजे औषधाचे कण तळाशी बसलेले असतात. न हलवता दिलं तर बाटलीच्या सुरुवातीला फिकं औषध जातं आणि शेवटी शेवटी तेच माप जास्त ताकदीचं होतं. मग थोडं औषध स्वच्छ, कोरड्या वाटीत ओतून त्यातून ओढायचं. उरलेलं बाटलीत परत टाकायचं नाही. काही बाटल्यांच्या तोंडात सिरिंज बसेल असं बूच असतं, तिथे बाटली उलटी करून सरळ ओढता येतं. हव्या त्या मापापेक्षा थोडं जास्त ओढा. सिरिंज तोंड वर करून धरा, बोटाने टिचक्या मारा, बुडबुडे वर आले की दट्ट्या हळू ढकलून हवा आणि जास्तीचं औषध बाहेर काढा. मग डोळ्यासमोर सरळ धरून कड रेघेवर आहे का पाहा.

बुडबुड्याला घाबरायचं कारण नाही. तोंडातून गेलेल्या हवेने बाळाला अपाय होत नाही. फक्त हवेने जेवढी जागा अडवली तेवढं औषध कमी जातं, आणि १.२ मिलीत मोठा बुडबुडा म्हणजे बराच तुटवडा.

आणखी एक बारकावा. दट्ट्या शेवटपर्यंत दाबला तरी सिरिंजच्या चोचीत थोडं औषध राहतं. ‘वाया जायला नको’ म्हणून काही जण मग त्यात पाणी ओढून तेही पाजतात. तसं करू नये. रेघा आखताना चोचीतलं औषध आत राहणार हे धरलेलंच असतं, त्यामुळे ते पाजलं की मापापेक्षा जास्त जातं. ५ मिलीच्या डोसात हा फरक नगण्य आहे. पण ०.३ मिलीच्या डोसात नाही.

देताना बाळाला मांडीवर अर्धवट बसतं धरावं, डोकं थोडं उंच. चोच जिभेवर सरळ घशाच्या दिशेने न धरता गालाच्या आतल्या बाजूला, हिरडी आणि गाल यांच्या मध्ये ठेवावी. अर्धा-एक मिली सोडायचं, गिळू द्यायचं, मग पुढचं. एका दमात पिचकारी मारली तर ठसका लागतो आणि औषध श्वासनळीत जाऊ शकतं. नाक दाबून पाजण्याची जुनी पद्धत याच कारणाने वाईट. बाळ सिरिंज घेतच नसेल तर मापून बोंडल्यात काढून पाजायला हरकत नाही. मात्र दाट औषध बोंडल्याच्या आतून चिकटून राहतं, म्हणून नंतर त्यातच चमचाभर पाणी किंवा दूध फिरवून तेही पाजावं. इथे धुवून पाजणं बरोबर आहे, कारण सगळं मापलेलं औषध बोंडल्यात उतरलेलं असतं. दुधाच्या अख्ख्या बाटलीत औषध मिसळू नये. दूध अर्धं उरलं की किती औषध गेलं ते कुणालाच सांगता येत नाही. आणि बाळाने थुंकलं किंवा उलटी केली तर पूर्ण डोस आपल्या मनाने पुन्हा देऊ नये, डॉक्टरांना विचारावं.

बाटलीवरचं टोपण

मापाचं टोपण म्हणजे सिरपच्या बाटलीवर उलटं बसवलेला, बहुधा १० मिलीचा पारदर्शक कप. त्यावर २.५, ५, ७.५ आणि १० अशा रेघा असतात. त्या छापलेल्या नसतात, प्लॅस्टिकमध्येच उठवलेल्या असतात, पांढऱ्यावर पांढऱ्या. ट्यूबलाइटखाली त्या शोधाव्या लागतात.

कपाची खरी अडचण त्याच्या रुंदीत आहे. टोपण साधारण ३ सेंटिमीटर रुंद धरलं तर त्यात एक मिली औषधाची उंची दीड मिलिमीटरसुद्धा भरत नाही. ५ मिलीच्या सिरिंजमध्ये तेच एक मिली जवळजवळ ९ मिलिमीटर उंच असतं, आणि १ मिलीच्या बारीक सिरिंजमध्ये साडेपाच सेंटिमीटरच्या वर. म्हणजे कपात पातळी रेघेच्या केसभर वर-खाली गेली की अर्धा मिली इकडचा तिकडे होतो. कप हातात धरून किंचित कलला तरी एका कडेला पातळी वर आणि दुसऱ्या कडेला खाली दिसते. तुम्ही कुठल्या कडेला पाहताय त्यावर डोस ठरतो.

अमेरिकेत २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दोन हजारांहून जास्त पालकांना वेगवेगळ्या साधनांनी औषध मापायला दिलं होतं. पाचातल्या चारांहून जास्त जणांची एकदा तरी चूक झाली, आणि साधारण पाचातल्या एकाने कधी ना कधी दुपटीहून जास्त औषध ओतलं. कपाने मापताना चूक होण्याची शक्यता सिरिंजच्या चौपटीहून जास्त निघाली, आणि डोस लहान असताना हा फरक आणखी ठळक होता. तो कप ३० मिलीचा होता, आपली टोपणं त्याहून लहान असतात. पण रुंदीचं गणित तेच आहे.

तरी टोपण वापरायचंच असेल तर ते हातात न धरता टेबलावर किंवा ओट्यावर सपाट ठेवायचं आणि आपण वाकून डोळे त्याच्या पातळीला आणायचे. द्रव कडेला किंचित वर चढतो आणि मध्ये खोलगट दिसतो. त्या खोलगटाचा तळ रेघेवर हवा. उभ्याने वरून पाहिलं तर रेघ आणि पातळी एकमेकांवर खरी बसत नाहीत. पाजून झाल्यावर कडेला दाट औषध राहतंच, तेव्हा थोडं पाणी घालून तेही द्यावं. आणि टोपणाचा उपयोग त्याच्यावर रेघ असलेल्या डोसापुरताच करावा. डीएस सिरपचे आपले २.४ मिली टोपणात ‘अडीचच्या जरा खाली’ असे काढत बसू नयेत. ५ मिलीच्या, ०.२ च्या पायऱ्यांच्या सिरिंजवर ते दोननंतरच्या दुसऱ्या रेघेवर स्वच्छ दिसतात.

टोपण एका बाटलीचं दुसऱ्या बाटलीवर जाणं हेही नेहमीचं. घरात चार बाटल्या, चार टोपणं, आणि धुवून एकाच ताटलीत ठेवलेली. काही टोपणांवर सर्वात वरची रेघ १० ची असते, काहींवर १५ ची, आणि एखाद्यावर फक्त ५ ची. ‘टोपण भरून’ देणाऱ्याला हे कळत नाही. शंका असेल तर सिरिंजने ५ मिली पाणी मोजून टोपणात ओता आणि कुठपर्यंत येतं ते पाहा. हाच प्रयोग स्वयंपाकघरातल्या चमच्यांवर केला तर चहाचा चमचा औषधाला का चालत नाही ते लगेच कळतं. एकात ३ मिली मावतं, दुसऱ्यात ६. चिठ्ठीवर ‘एक चमचा’ लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ ५ मिली असाच असतो. अर्धा चमचा म्हणजे २.५. तरी विचारून मिलीत लिहून घेतलेलं बरं.

चिठ्ठीवरचा टिंब

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दोन गोष्टी नजरेतून सुटतात. एक म्हणजे दशांशाचा टिंब. ‘.५’ असं पुढे शून्य न लिहिता लिहिलं की घाईत ते ५ वाचलं जातं, दहापट. ‘१.०’ लिहिलं की १०. दुसरी म्हणजे एकक. १२० मिलिग्रॅम आणि १.२ मिली हे दोन्ही आकडे एकाच डोसाचे आहेत, पण सिरिंज फक्त मिली ओळखते. चिठ्ठीवर मिलिग्रॅम लिहिलेले असतील तर दवाखान्यातून निघण्याआधी, हातात जी बाटली घेणार तिचा प्रकार सांगून, मिली विचारायचे. मेडिकलवाल्याने ‘हे नाही, दुसऱ्या कंपनीचं देतो’ म्हटलं तर लेबलची ती बारीक ओळ पुन्हा वाचायची. ५ मिलीत १२० च्या जागी २५० असेल तर आधी ठरलेले मिली आता लागू नाहीत. आणि तीन महिन्यांखालच्या बाळाला ताप असेल तर घरातल्या बाटलीला हातच लावू नये, आधी डॉक्टर.

जास्त दिलं गेलंय असं लक्षात आलं तर बाळ खेळतंय म्हणून वाट पाहू नये. पॅरासिटामॉलचा यकृतावरचा परिणाम पहिल्या दिवशी बहुधा दिसतच नाही. उलट्या, मरगळ, कावीळ हे नंतर येतं. त्यावर उतारा आहे, पण तो पहिल्या आठ तासांत दिला तर सर्वांत चांगला लागू पडतो. उलटी करवू नये. जवळच्या मोठ्या रुग्णालयात जाताना बाटली आणि ज्याने औषध दिलं ते माप, दोन्ही सोबत न्यावं. तिथल्या डॉक्टरांना ‘दोन टोपणं दिली’ यापेक्षा ते टोपण आणि ते लेबल प्रत्यक्ष पाहून मिलिग्रॅम काढता येतात. किती वाजता दिलं तेही सांगायचं.

सिरिंज वापरून झाली की दट्ट्या बाहेर काढून दोन्ही भाग कोमट साबणाच्या पाण्यात धुवावेत, भरपूर पाण्याखाली धरावेत आणि वेगवेगळे वाळवावेत. दट्ट्या आत ठेवूनच धुतलं तर रबरामागे गोड औषध राहतं आणि मुंग्या लागतात. बाटल्यांसोबत उकळू नये. साधं प्लॅस्टिक उष्णतेने वाकतं आणि छपाई निघते. काही आठवड्यांनी दट्ट्या अडकत अडकत सरकायला लागतो. मग तो हव्या त्या रेघेवर न थांबता उडी मारून पुढे जातो, आणि पुसट झालेल्या रेघांत ०.२ ची पायरी दिसेनाशी होते. अशी सिरिंज टाकून द्यावी. दुसरी काही रुपयांत मिळते, फक्त ती त्याच आकाराची आहे का आणि तिच्या छोट्या रेघेची किंमत तीच आहे का, हे दुकानातच मोजून घ्यावं.